‘तांबडी’ कुठे गेली? अंदाज आणि प्रश्न शिकवणाऱ्या दोन तासिका

सहावीतला एखादा मुलगा धडा घडाघडा वाचतो. एकाही जोडाक्षराला अडत नाही. वाचून झाल्यावर विचारलं, “त्या माणसानं असं का केलं असेल?” तर तो पुस्तकात बघतो, मग आपल्याकडे बघतो आणि पहिल्या परिच्छेदातलं एक वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवतो. वाचनात त्याची जीभ चालू होती, डोकं नव्हतं. अशा मुलांसाठी मी घेते तो पाठ इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत देते आहे. एक छोटी गोष्ट, पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका आणि दोनच सवयी: पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा आणि वाचताना पडलेला प्रश्न मनातल्या मनात विरून जाऊ द्यायचा नाही.

पद्धत माझी नाही. गोष्ट तुकड्यांनी वाचायची, प्रत्येक तुकड्याआधी अंदाज करायचा आणि नंतर मजकुरात पुरावा शोधायचा, हा क्रम अमेरिकेत रसेल स्टॉफर यांनी १९६०च्या दशकात रुजवला. पुढे १९८४ मध्ये अ‍ॅनमरी पॅलिन्सार आणि अ‍ॅन ब्राउन यांनी सातवीच्या मुलांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. त्यांनी नेमकी अशीच मुलं घेतली होती, जी वाचत नीट होती पण त्यांना समजत नव्हतं. या मुलांकडून त्या दोघी चार गोष्टी करून घेत: अंदाज, प्रश्न, न कळलेलं उलगडणं आणि सारांश. चाळीस मुलांच्या वर्गात चारही एकदम सुरू केल्या की मुलांना फक्त चार शब्द पाठ होतात, म्हणून मी पहिल्या दोनच घेते.

गोष्ट कोणती आणि कुठे कापायची

पाठ्यपुस्तकातली गोष्ट इथे चालत नाही. जूनमध्ये पुस्तक हातात पडल्याबरोबर मुलं गोष्टी वाचून टाकतात, आणि माहीत असलेल्या शेवटाचा अंदाज करायला सांगणं म्हणजे नाटक. गोष्ट कोणीही न वाचलेली हवी, अडीचशे-तीनशे शब्दांची हवी. मी स्वतःच लिहिते. ती साहित्य म्हणून फार थोर नसली तरी चालते, पण तिच्यात खुणा पेरलेल्या असल्या पाहिजेत.

कापायची कुठे, हे जास्त महत्त्वाचं. सगळ्यांचा ओढा उत्कंठेच्या जागी थांबण्याकडे असतो: दार उघडलं आणि... तिथे मुलं ओरडतात खूप, पण विचार करत नाहीत, कारण दारामागे काहीही असू शकतं. जिथे निदान दोन वेगवेगळे अंदाज करता येतील आणि दोन्हींना आधार वाचून झालेल्या मजकुरात सापडेल, तिथे थांबायचं. आधी स्वतः तो तुकडा वाचून दोन अंदाज त्यांच्या आधारासकट लिहून बघा. एकच जमला तर कापण्याची जागा चुकली.

या पाठासाठी लिहिलेली गोष्ट अशी आहे. नाव फक्त ‘तांबडी’.

*भाग १.* शेवंताच्या घरी चार कोंबड्या होत्या. सकाळी डालगं उचलून त्यांना सोडायचं आणि दुपारी वळचणीच्या टोपलीतली अंडी गोळा करायची, हे शेवंताचं काम. अंडी विकून आलेले पैसे आई एका डब्यात टाकायची. त्याच डब्यातून शेवंताला सहलीचे पैसे मिळणार होते. पण पंधरा-वीस दिवस झाले, अंडी कमी भरत होती. “तांबडीनं अंडी द्यायचं बंद केलंय,” आई म्हणाली. “येत्या बाजारी विकून टाकू तिला.” शेवंता काही बोलली नाही. रोज दुपारी तांबडी घसा फोडून ओरडायची, ते तिनं ऐकलं होतं. फक्त ते ओरडणं घराच्या मागून यायचं.

*भाग २.* घरामागे काट्यांचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे बंड्याचं घर. दुपारी शेवंता मागे गेली, तेव्हा बंड्या कुंपणाच्या फटीशी उभा होता. सदऱ्याचा ओचा त्यानं दोन्ही हातांनी सांभाळून धरला होता. “काय रे आहे त्यात?” तिनं विचारलं. “काही नाही,” म्हणत तो आपल्या घराकडे पळाला. कडब्याच्या गंजीजवळ अंड्यांची फुटलेली टरफलं पडली होती. शेवंताचं डोकं तापलं. त्या संध्याकाळी डालग्यात तीनच कोंबड्या आल्या. तांबडी आली नाही.

*भाग ३.* उजाडताच शेवंता न्हाणीच्या आडोशाला दबा धरून बसली. थोड्या वेळानं बंड्या फटीतून आत आला. इकडेतिकडे बघत तो गंजीजवळ गेला, खाली बसला आणि ओच्यातली मूठभर ज्वारी त्यानं जमिनीवर पसरली. मग करवंटीत पाणी ओतलं. शेवंता ताडकन उठली. “चोरा!” बंड्या दचकला, पण पळाला नाही. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. “हळू ना! उठेल ती.”

*भाग ४.* शेवंता वाकली. कडब्याच्या पेंढ्यांमधल्या पोकळीत तांबडी पंख फुलवून बसली होती. हात जवळ नेताच ती गुरगुरली. “खुडूक बसलीय,” बंड्या कुजबुजला. “काल दुपारपासून उठलीच नाही. खाली नऊ अंडी आहेत. दोन मुंगसानं फोडली. तुला सांगणारच होतो. पण तू काकूंना सांगशील आणि काकू अंडी बाजारात नेतील.” शेवंतानं बोटांवर दिवस मोजले. एकवीस. सहल पंधरा दिवसांवर होती. घरातून आईची हाक आली, “शेवंते, तांबडी दिसली का गं?” शेवंतानं बंड्याकडे पाहिलं. मग तिनं ओरडून उत्तर दिलं.

आदल्या दिवशी

एका कागदावर चारही भाग मोठ्या अक्षरात लिहून दोघांत एक प्रत या हिशेबानं वीस झेरॉक्स काढते, कात्रीनं चार पट्ट्या करते आणि भागांचे वेगवेगळे गठ्ठे रबर लावून ठेवते. कागद नुसता दुमडून दिला तर पुढचा भाग बघायला दुसरं मिनिट लागत नाही. कापलेली पट्टी हातात नसेल तर बघणार काय? झेरॉक्सची सोय नसेल तर भाग फळ्यावर लिहून किंवा मोठ्यानं वाचून चालतं. तेव्हा प्रत्येक भाग दोनदा वाचावा.

मुलांच्या वहीत आडव्या पानावर तीन रकाने आखायचे: ‘मला वाटतं’, ‘कशावरून’ आणि ‘आता काय वाटतं’. खाली चार ओळी प्रश्नांसाठी सोडायच्या. लिहायचं पेननं. ही अट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. पेन्सिल दिली की खरं कळताच मुलं अंदाज खोडरबरानं पुसून बरोबर उत्तर लिहितात आणि वर्गातला प्रत्येक जण पहिल्यापासून बरोबर निघतो. चुकलेल्या अंदाजावर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.

शब्दांचंही आधी ठरवावं लागतं. गावाकडच्या वर्गात डालगं, कडबा, गंजी सांगायची गरज नसते. शहरातल्या वर्गात दोन मिनिटं देऊन सांगावं लागतं. अंडं घातल्यावर कोंबडी मोठ्यानं ओरडते, हेही तिथे सांगायचं, कारण ते माहीत नसेल तर पहिल्या भागातली मुख्य खूण कळणारच नाही. पण ‘खुडूक’, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी, हा शब्द आधी फळ्यावर लिहू नका. तो सांगितला की गोष्ट संपली.

पहिली तासिका

सुरुवातीची सात-आठ मिनिटं मीच बोलते. फळ्यावर ‘तांबडी’ लिहिते आणि डोक्यात येईल ते मोठ्यानं म्हणते. “तांबडी. हा रंग झाला. कशाचा, ते दिलेलं नाही. गाय असेल का? गायीला आपण रंगावरून नाव ठेवतो. तांबडी एस.टी.सुद्धा असू शकते. तांबडी माती? माती असती तर नुसतं ‘तांबडी’ म्हटलं नसतं, असं मला वाटतं. मी ‘गाय’ लिहिते, आणि ‘कशावरून’मध्ये लिहिते: जनावरांना रंगावरून नाव देतात.” मग मुद्दाम एक पोकळ अंदाज करते, “तांबडी नावाची राजकन्या असेल,” आणि ‘कशावरून’च्या रकान्यापाशी खडू धरून गप्प उभी राहते. पाच-सात सेकंदांत कोणीतरी म्हणतंच, “बाई, तिथे काही लिहिता येत नाही.” नियम मी सांगत नाही, तो असा त्यांच्याकडूनच येतो.

मग भाग १. वाचायला तीन मिनिटं. त्यानंतर दोन मिनिटं पूर्ण शांतता आणि प्रत्येकानं आपापलं लिहायचं. आधी लिहिणं, मग बोलणं. हा क्रम उलटला की पहिल्या बाकावरची दोन मुलं बोलतात आणि उरलेल्या अडतीस जणांचा अंदाज तोच होतो. अडखळत वाचणाऱ्या मुलाला जोडीदार वाचून दाखवतो, अंदाज मात्र त्याचा स्वतःचा. त्यानं सांगायचा आणि जोडीदारानं लिहायचा. या मुलांचे अंदाज पुष्कळदा इतरांपेक्षा पक्के असतात, कारण ती ऐकण्यावर जगत आलेली असतात.

भाग १ नंतर साधारण तीन तऱ्हेचे अंदाज येतात: साप अंडी खातो, कोणीतरी चोरतो, तांबडी दुसरीकडे अंडी घालते. मी तिन्ही फळ्यावर लिहिते आणि प्रत्येकाला एकच विचारते, “कोणत्या वाक्यावरून?” पट्टीवर त्या वाक्यावर बोट ठेवायचं. इथे शिक्षकाचा चेहरा सगळा घोटाळा करतो. तिसरा अंदाज ऐकून मी नकळत “अरे वा!” म्हटलं आणि वर्गातल्या पेनांनी वहीतले अंदाज बदलले, असं माझ्याबाबत झालेलं आहे. आता मी तिघांनाही त्याच आवाजात “हं, लिहिलं” म्हणते.

त्यानंतर पहिला प्रश्न. “या भागात अशी कोणती गोष्ट आहे जी तुम्हाला कळली नाही, किंवा जिचं उत्तर तुम्हाला खरंच हवंय?” पहिल्या खेपेला हमखास येतं: “शेवंताच्या घरी किती कोंबड्या होत्या?” हा स्वाध्यायातला प्रश्न. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असतं, तो दुसऱ्याची परीक्षा घेत असतो. मी तेवढंच विचारते, “तुला हे माहीत नाहीये का?” मुलगा हसतो. मग मीच एक देते: “आई म्हणते अंडी बंद झाली, शेवंताला तसं वाटत नाही. मग ती आईला तसं सांगत का नाही?” याचं उत्तर मलाही पक्कं माहीत नाही, हे मी त्यांना सांगते. चांगला प्रश्न नेमका अंदाज जिथे अडतो तिथेच सापडतो. ‘साप खातो’ म्हणणाऱ्याला विचारावं, “तुझा अंदाज खरा ठरायला आणखी काय कळायला हवं?” तो म्हणतो, “टरफलं सापडली का ते.” हा त्याचा पहिला खरा प्रश्न.

भाग २ वाचला की वर्ग एकमुखानं बंड्याला चोर ठरवतो. तसं व्हावं म्हणूनच गोष्ट लिहिली आहे. त्यांना अडवायचं नाही. टरफलं, ओचा, पळणं अशा तीन खुणा ते दाखवतात, आणि त्या खुणा खऱ्याच आहेत. ‘कशावरून’च्या रकान्यात त्या लिहून घ्यायच्या आणि तांबडी घरी आली नाही या वाक्यावर तासिका संपवायची. भाग ३ कितीही मागितला तरी द्यायचा नाही. रात्रभर तो प्रश्न घरी जाऊ द्यावा. दुसऱ्या दिवशी निदान दोघं-तिघं आजीला विचारून आलेली असतात की कोंबडी रात्री घरी का येत नाही. त्यांनी ते लगेच फोडू नये म्हणून “वहीत लिही, बोलू नकोस” एवढं सांगावं लागतं.

दुसरी तासिका

भाग ३ मध्ये बंड्या ज्वारी पसरतो तेव्हा वर्गात एक विचित्र शांतता होते. इथे तिसऱ्या रकान्याचं काम सुरू होतं. “कालचा अंदाज तसाच ठेवायचा, थोडा बदलायचा की सोडायचा? कोणत्या वाक्यामुळे?” पाठाचा गाभा हाच, म्हणून इथे सात मिनिटं द्या. काही जण हट्टानं म्हणतात, “त्यानं कोंबडीच पळवलीय, आता तिला चारतोय.” हा उत्तम अंदाज आहे. जुना विचार आणि नवी खूण दोन्ही त्यात बसतात. ‘सोडला’ म्हणणाऱ्यापेक्षा हा मुलगा जास्त वाचतो आहे.

भाग ४ वाचून झाला की गोष्ट पूर्ण पुन्हा वाचायची, या वेळी हातात पेन्सिल घेऊन. काम एकच: लेखकानं आपल्याला खरं कुठे सांगितलं होतं आणि आपण कुठे फसलो? ‘घराच्या मागून’ हे शब्द सगळ्यांना सापडतात. दुसऱ्या भागापाशी मी विचारते, “बंड्या फटीशी उभा होता. तो बाहेर चालला होता की आत येत होता?” मुलं आत्मविश्वासानं सांगतात, “बाहेर!” “दाखवा.” शोधतात, शोधतात, आणि सापडत नाही, कारण ते लिहिलेलंच नाही. बाहेर चाललाय हे त्यांनी स्वतः घातलेलं होतं. मजकुरातलं काय आणि आपण घातलेलं काय, हा फरक व्याख्या देऊन कळत नाही. या एका वाक्यापाशी कळतो.

आता दोन्ही दिवसांचे प्रश्न. प्रत्येक जोडीनं आपले दोन प्रश्न चिठ्ठीवर लिहायचे. फळ्याचे चार भाग करून चिठ्ठ्या चिकटवायच्या. ही विभागणी टॅफी राफेल यांनी १९८०च्या दशकात मांडली. नावं मी माझ्या वर्गापुरती ठेवली आहेत. ‘बोट ठेवा’: उत्तर एकाच वाक्यात आहे, उदाहरणार्थ, किती अंडी शिल्लक राहिली? ‘जोडा’: उत्तर दोन ठिकाणांहून गोळा करावं लागतं, जसं की, पहिल्या दिवशी बंड्याच्या ओच्यात काय होतं? ते दुसऱ्या भागात विचारलं जातं, तिसऱ्यात आणि चौथ्यात कळतं. ‘लेखक आणि मी’: गोष्टीतली खूण आणि आपली समज दोन्ही लागतात, शेवंतानं आईला काय उत्तर दिलं असेल? ‘आपल्यापाशी’: गोष्ट न वाचताही उत्तर देता येतं, दुसऱ्याच्या भल्यासाठी एखादी गोष्ट लपवली तर ते खोटं का? चिठ्ठी कुठे लावायची यावर भांडणं होतात. होऊ द्या. “मुंगूस अंडी खातं का?” हा प्रश्न एकदा तीन वेळा जागा बदलून शेवटी ‘आपल्यापाशी’मध्ये गेला, कारण दोन अंडी फुटल्याचं बंड्या सांगतो, पण मुंगसाचा आहार गोष्टीत कुठेच नाही.

वेळ उरला तर शेवंताचं उत्तर एका वाक्यात लिहायला सांगते, ‘कशावरून’सकट. “दिसली नाही” लिहिणारे सहलीला उरलेले पंधरा दिवस आणि पिल्लं निघायला लागणारे एकवीस दिवस यांतला फरक धरतात का, ते बघण्यासारखं असतं. सहल बुडणार हे ज्याला दिसलं, त्याला शेवंताची अडचण कळली.

वह्या तपासताना

अंदाज बरोबर आला का, याला मी गुण देत नाही. गेल्या खेपेच्या दोन वह्या समोर ठेवते. एका मुलीनं पहिल्याच भागात लिहिलं होतं, “तांबडी मागे कुठेतरी अंडी घालते.” अगदी बरोबर. ‘कशावरून’ कोरा. दुसऱ्या भागानंतर तिनं सगळ्यांबरोबर “बंड्या चोर” लिहिलं आणि आपला आधीचा अंदाज विसरून गेली. दुसऱ्या वहीत एका मुलाचं: “साप खातो. आमच्या घरी खाल्ली होती.” आधार स्वतःच्या घरचा, गोष्टीतला नाही, म्हणून अर्धाच. मग रेघ मारून “बंड्या. टरफलं आहेत, साप अंडं अख्खं गिळतो, टरफल सोडत नाही.” पुन्हा रेघ मारून “बंड्या कोंबडी पाळतोय. पण टरफलं कुणाची?” एकदाही बरोबर न आलेला हा मुलगा प्रत्येक थांब्यावर मजकुराशी भांडला, आणि त्याचा शेवटचा प्रश्न चौथ्या भागानं खरोखर सोडवला. मी पुढच्या आठवड्यात बसते त्या मुलीशेजारी, त्याच्याशेजारी नाही. तिला एकच काम: प्रत्येक अंदाजाखाली मजकुरातले दोन शब्द अवतरणचिन्हांत लिहायचे.

वर्गातल्या निम्म्याहून अधिक वह्यांत ‘आता काय वाटतं’ कोरा असेल तर मुलांचं चुकलं नाही. माझे थांबे चुकले, किंवा तिथे मी पुरेसा वेळ दिला नाही.

हा पाठ दर आठवड्याला घेऊ नये. सतत थांबत वाचलेली गोष्ट मुलांना नकोशी होते, आणि त्यात त्यांची चूक नाही. माहितीपर उताऱ्याला ही रीत जशीच्या तशी लावताही येत नाही. तिथे पुढे काय होईल यापेक्षा शीर्षक आणि उपशीर्षकांचे प्रश्न करून वाचणं उपयोगी पडतं. गोष्टींसाठी मी महिन्याभरात तीनदा घेते: पहिली चार तुकड्यांत, दुसरी दोन तुकड्यांत. तिसरी अखंड देते आणि सांगते, वाचता वाचता जिथे अंदाज बदलला तिथे समासात छोटी फुली करा. मग पानं गोळा करून फुल्या बघते. नुसत्या शेवटच्या ओळीपाशी फुल्या असतील तर पुढच्या महिन्यात पुन्हा कात्री काढावी लागते.